ऑक्सिमीटरची साक्ष

करोनाच्या लाटेत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आता सिगारेटच्या बाजूने साक्षीला उभा केला जातो. बोट त्यात घालायचं आणि म्हणायचं, ‘इतकी वर्षं ओढतोय, तरी बघा, ९८!’ पण हा साक्षीदार या खटल्यात चालत नाही.

हे यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतं आणि रक्ताने त्यातला किती शोषला यावरून आकडा काढतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच असतं. यंत्र त्याला प्राणवायू धरलेलं समजतं. समजा, दिवसाला पाकीट संपवणाऱ्या एकाचं ६ टक्के हिमोग्लोबिन या वायूने अडवलंय. हे प्रमाण अशा माणसात काही जगावेगळं नाही. यंत्र ९८ दाखवेल, प्रत्यक्षात प्राणवायू असेल ९२च्या आसपास. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. शिवाय त्याच्या संगतीत उरलेलं हिमोग्लोबिनही आपल्याकडचा प्राणवायू पेशींना सहजी सोडत नाही. त्याच वेळी निकोटिन हृदयाचे ठोके वाढवतं. म्हणजे हृदयाची मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. धमनी आधीच अरुंद झालेल्याच्या छातीत जिना चढताना लवकर दुखू लागतं ते यामुळेच. ही तूट भरायला शरीर तांबड्या पेशी जास्त बनवतं. रिपोर्टात हिमोग्लोबिन १७ आलं की गडी खूश! प्रत्यक्षात रक्त दाट झालेलं असतं आणि गुठळीची भीती वाढलेली असते.

फिल्टरचा इथे उपयोग नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू आहे. फिल्टरवर तपकिरी डाग पडतो तो टारचा, आणि तोही थोडाच अडतो. बाकीचा चिकट थर श्वासनलिकांत बसतो. त्यातलं बेन्झोपायरीन मुळात तितकं घातक नसतं. ते विरघळवून बाहेर टाकण्याच्या खटपटीत आपलीच विकरं त्याला असं रूप देतात, की ते पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. कर्करोगाची सुरुवात तिथून होऊ शकते. हा कचरा वर ढकलणारे श्वासनलिकेतले बारीक केस धुरातल्या अ‍ॅक्रोलिनने आणि हायड्रोजन सायनाइडने लुळे पडतात. मग साचलेला कफ काढायला खोकल्याशिवाय उपाय राहत नाही. यातलं काहीही बोटावर दिसत नाही.

सिगारेट थांबली, की रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे एका दिवसानेही फरक पडतो. श्वासनलिका सावरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. म्हणून ऑपरेशन ठरलं असेल तर सिगारेट लगेच बंद करा आणि रोज किती ओढत होता ते भूलतज्ज्ञांना खरं सांगा. टेबलावर तुमच्या बोटाला लागणारं साधं यंत्रही याच जातीचं असतं, ते त्यांना हे सांगणार नाही.