वाटीतली बडीशेप आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

अब्बांना मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचा, मिठाई बंद. पण जेवण झालं की मुखवासाच्या वाटीत हात जातोच. "सौंफ आहे, हाजम्याला चांगली," असं ते म्हणतात, आणि आजवर मीही मान डोलावत आलो.

परवा नातेपुत्याच्या बाजारातून आणलेलं रंगीत बडीशेपेचं पाकीट उलटं करून वाचलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. जे सर्वांत जास्त, ते आधी. यादीत पहिलं नाव साखरेचं होतं, बडीशेप दुसरी. खाली तक्त्यात १०० ग्रॅममागे ७२ ग्रॅम साखर. म्हणजे आपण साखर खातो, तिच्या आत एक दाणा बडीशेपेचा असतो.

त्याच तक्त्यात एक वेळचं प्रमाण ५ ग्रॅम लिहिलं होतं, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. अब्बांची मूठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ती भरली १० ग्रॅम. त्यात सात ग्रॅमहून जास्त साखर. दोन्ही जेवणांनंतर आणि दुपारी एकदा, म्हणजे दिवसाला २१-२२ ग्रॅम. चहातून काढलेले चार चमचे मुखवासातून परत आले होते.

रंगांचे आकडेही पाहा. १०२ पिवळा, १२२ लाल, १३३ निळा. हे कृत्रिम, पण परवानगी असलेले रंग आहेत. १२० हा लाल रंग मात्र किड्यापासून काढतात, हलालची काळजी करणाऱ्यांनी तो आकडा लक्षात ठेवावा. पाण्यात रंग सुटला म्हणून तो बंदीचा ठरत नाही, परवानगीचा रंगही सुटतो. सुट्या मुखवासात तर आकडाच नसतो, तिथे काय आहे ते कळायला मार्ग नाही.

"साखरविरहित" पाकीटही वाचूनच घ्यावं. त्यात ९५४ म्हणजे सॅकरीन किंवा ९५५ म्हणजे सुक्रालोज असू शकतं. "वरून साखर घातलेली नाही" असं लिहिलेल्या मुखवासात खजूर असेल, तर त्याची साखर आहेच. तीळ-जवसाच्या मिश्रणात वरून तेल घातलं असेल, तर तेही यादीत सापडतं. पाकीट उघडून फार दिवस झाले, की असा मुखवास खवट वास देतो. तो टाकून द्यावा.

माझं मत एवढंच, की दोष एकट्या पाकिटाचा नाही, आपल्या वाटीचाही आहे. पाकीट चमच्याचा हिशेब सांगतं आणि आपण मूठ भरतो. लग्नात, दावतीत मुलं तर रंगीत दाणे गोळ्यांसारखे खातात.

आता आमच्या वाटीत घरी भाजलेली साधी बडीशेप आहे, आणि तिच्यात एक छोटा चमचा. अब्बा दोन दिवस कुरकुरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चष्मा मागितला आणि जुन्या पाकिटावरचं पहिलं नाव वाचून पाहिलं.