‘परवा’ म्हणजे कोणता वार?

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी, गोण्या, दोर असा माल सतत लागतो. पेणच्या एखाद्या दुकानाने तो पुरवायचा, तर दर आणि तारखा यांची बोलणी हल्ली बहुधा मोबाईलवरच होतात. उदाहरणादाखल असे एक दुकान घ्यावे. कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याने दोन हजार खोकी ३८ रुपयांच्या जुन्या दराने मागवली आहेत. सोमवारी, ८ जूनला, दुकानाचे मालक प्रवासात असताना मोबाईलवर बोलतात आणि बोललेले तसेच टंकित होते :

“नमस्कार साहेब ते तुमचं काल आलं होतं बघा लग्नाला गेलो होतो राहून गेलं तर दोन हजार म्हणालात ना आत्ता बाराशे पडून आहेत ते परवा देऊन टाकतो बाकीचे यायचेत कारखानावाला म्हणतो आठवडा लागेल पण आपण लावू धक्का काळजी नको आणि भाव जुना नाही राहिला कागद वाढलाय एक्केचाळीसच्या आसपास पडेल बाराशेला जुनाच लावू तुम्ही आपले आहात ते मागचे भिजलेले साठ बघून घेऊ आणि मागचं बिलही तेवढं बघा कळवा काय ते”

हा मजकूर दुकानातील पुतण्याकडे येतो : “नीट करून साहेबांना पाठव.” येथे पहिला मोह विरामचिन्हे घालून भाषा सुधारण्याचा होतो. परंतु खरी अडचण भाषेची नाही, क्रमाची आहे. मालकांनी जसे आठवले तसे सांगितले आहे; साहेबांना मात्र निर्णय घ्यायचा आहे. वाढलेला दर मान्य आहे की नाही, एवढाच तो निर्णय. तो प्रश्न मजकुराच्या मध्यभागी लग्न आणि आपुलकी यांच्यात बुडाला आहे.

म्हणून लिहिण्याआधी मजकुरातील प्रत्येक वाक्य कोणत्या जातीचे आहे हे ठरवावे लागते. बाराशे खोकी शिल्लक आहेत ही वस्तुस्थिती. परवा देतो हे वचन. आठवडा लागेल हा तिसऱ्याने दिलेला अंदाज. धक्का लावू हा दिलासा. लग्नाचा उल्लेख हे कारण. वस्तुस्थिती आणि वचन ग्राहकापर्यंत पोहोचलेच पाहिजे. अंदाज अंदाज म्हणूनच जावा. दिलासा मात्र गाळावा, कारण ‘काळजी नको’ हे शब्द वाचणारा आठवड्याच्या आतच माल येणार असे धरून चालतो आणि त्या भरवशावर आपले पॅकिंग ठरवतो. विलंबाबद्दल एकदाच क्षमा मागावी. कारणाची कथा ग्राहकाच्या उपयोगाची नसते.

यानंतर दुसरा धोका येतो. अर्धवट जागा लिहिणारा स्वतःच्या समजुतीने भरतो. ‘आसपास’ या शब्दाच्या जागी त्याने सरळ ४१ लिहिले, तर मालकांनी न दिलेला दर दुकानाच्या नावाने जातो. मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. शिवाय निरोप मंगळवारी वाचला गेला, तर पुढचा परवाही एक दिवस सरकतो. अशा जागा मजकुरातून वेचून मालकांनाच विचाराव्यात.

“काका, एक्केचाळीस पक्के की आसपास?”

“पक्के लिही. पण उद्या संध्याकाळपर्यंत होकार आला तरच. पुढे मी बांधील नाही.”

“आणि आठशे खोकी कोणत्या तारखेला?”

“आठवडा म्हणतोय तो. एक दिवस वाढवून गुरुवार लिही. अठरा तारीख.”

“भिजलेल्या साठांचं काय करायचं?”

“क्रेडिट नोट देऊ. जुन्या दराने.”

तीन प्रश्नांत मजकुरातील धूसर जागा संपल्या. राहिले मागचे बिल. ते या निरोपात घालू नये. देयके लेखा विभाग पाहतो, खरेदी अधिकारी नव्हे. आणि भिजलेल्या मालाशेजारी थकबाकीची आठवण आली की ती प्रत्युत्तरासारखी वाचली जाते. त्यासाठी बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम घालून लेखा विभागाला वेगळा निरोप पाठवावा.

आता पाठवायचा मजकूर असा होतो :

“माननीय साहेब, सादर नमस्कार. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व.

आपल्या २,००० खोक्यांच्या मागणीपैकी ८०० खोक्यांचा दर बदलला आहे. कृपया मंगळवार, ९ जून, सायं. ५ वाजेपर्यंत मंजुरी कळवावी.

१) तयार माल : १,२०० खोकी, दर ₹३८, रक्कम ₹४५,६००. बुधवार, १० जून रोजी आपल्या गोदामात पोहोच.
२) नवीन माल : ८०० खोकी, दर ₹४१ (कागदाचा दर वाढल्यामुळे), रक्कम ₹३२,८००. वरील मुदतीत मंजुरी मिळाल्यास गुरुवार, १८ जूनपर्यंत पोहोच.

एकूण ₹७८,४००, जीएसटी वेगळा. माप व प्रत मागील मागणीप्रमाणेच.

मागील खेपेतील भिजलेल्या ६० खोक्यांबद्दल ₹२,२८० व त्यावरील जीएसटीची क्रेडिट नोट देत आहोत.”

येथे दर, नग आणि रक्कम ही तिन्ही मुद्दाम लिहिली आहेत. एक आकडा चुकला तर उरलेले दोन तो पकडून देतात. जुन्या हुंडीत पूर्ण रकमेबरोबर तिची निम्मी रक्कमही लिहीत, ती याच सावधगिरीने. धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिण्याची रीतही त्याच जातीची. आवाजावरून टंकन करताना तर हे विशेष जपावे : ‘सव्वादोनशे’ म्हणजे २२५ आणि ‘अडीचशे’ म्हणजे २५०, उच्चारात किंवा टंकनात एक अक्षर गळले की आकडा बदलतो. तयार निरोपात म्हणूनच अंक लिहावेत आणि पाठवण्यापूर्वी गुणाकार करून पाहावा.

मंजुरीची मुदत घालण्यामागे कायद्याचाही आधार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकृती ही पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. साहेबांनी ३८ रुपयांनी माल मागितला आणि दुकानाने ‘हो, पण ४१’ म्हटले, तर तो होकार ठरत नाही. तो नवा प्रस्ताव ठरतो आणि त्याला साहेबांची मंजुरी लागते. मूळच्या पाल्हाळिक निरोपावर साहेबांनी नुसते ‘ठीक’ लिहिले असते, तर ते कशाला होते, दराला की दिलाशाला, हे पुढे कोणालाही सांगता आले नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार निष्फळ ठरत नाही. मोबाईलवरील ओळीही म्हणूनच दुकानाला बांधू शकतात.

या पद्धतीला मर्यादाही आहे. माल खराब निघाल्याने ग्राहक रागावला असेल, तर आधी फोनच करावा. नीटनेटका निरोप अशा वेळी कोरडा वाटतो. फोननंतर मात्र ठरलेले मुद्दे वरच्याच रीतीने लिहून पाठवावेत.

निरोप साधला की नाही, हे साहेबांच्या उत्तरावरून कळते. त्यांनी उलट फोन करून ‘म्हणजे नक्की किती आणि कधी?’ असे विचारले, तर काम अपुरे राहिले. त्यांनी ‘मंजूर’ एवढाच एक शब्द लिहिला आणि पेण व रोहा या दोन्ही ठिकाणी त्या शब्दाचा अर्थ ८०० खोकी, ४१ रुपये, १८ जून असाच लागला, तर निरोप साधला.