आजोबांचा डोळा आणि जिल्ह्याचा आकडा

यंदा प्रकल्पासाठी मला आमच्या जिल्ह्यातील अपंगांची संख्या हवी होती. (सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आहे, आमच्या गावात अजून अपंगच म्हणतात.) २००१ च्या जनगणनेत एक आकडा मिळाला, २०११ च्या जनगणनेत दुसरा आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांच्या यादीत तिसराच. "सगळ्यांत नवा लिही आणि मोकळा हो," असे एका मित्राने सुचविले. मीही तेच करणार होतो. पण मध्ये आमचे आजोबा आले.

आजोबांचा उजवा डोळा फार वर्षांपूर्वी गेला. कडब्याची पेंढी बांधताना धाटाचे टोक घुसले. डावा डोळा मात्र शाबूत आहे, एस.टी.ची पाटी ते लांबून वाचतात. आता प्रश्न असा, की आजोबा अपंग आहेत की नाहीत? मी प्रगणकांना दिलेल्या सूचना शोधून वाचल्या. २००१ मध्ये एक डोळा असलेल्या माणसाला दृष्टीच्या अपंगत्वात धरावे, अशी सूचना होती. २०११ मध्ये धरू नये, अशी झाली. म्हणजे नियमाप्रमाणे आजोबा २००१ साली अपंग होते आणि दहा वर्षांनी बरे झाले! डोळा आहे तिथेच आहे.

मध्यंतरी, २००२ मध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणी झाली. तिची कसोटी अगदी घरगुती आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून, चष्मा असल्यास तो लावून, चांगल्या उजेडात तीन मीटरांवरून हाताची बोटे मोजता येतात का? आजोबा बोटेच काय, बोटातली अंगठीही सांगतील. तेव्हा तिथेही ते नाहीत. प्रमाणपत्राचे तर गणितच वेगळे. तिथे टक्के लागतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर तीस टक्के धरतात. सवलतींसाठी मात्र किमान चाळीस हवेत.

आता आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींचे पाहा. ते कानाला यंत्र लावतात. २००१ मध्ये यंत्राने ऐकू येणाऱ्याला अपंग धरायचे नव्हते. २०११ मध्ये यंत्र वापरणाऱ्याला धरायचे होते. आजोबा यादीतून बाहेर पडले त्याच दारातून गुरुजी आत आले. दोघांचीच बेरीज केली तर आकडा एकचा एक राहतो, माणूस मात्र बदलतो.

हे एका गल्लीत झाले; देशभर काय झाले ते पाहा. २००१ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे १ कोटी ६ लाख होते. पुढच्याच वर्षीच्या नमुना पाहणीत सुमारे २८ लाख! २०११ च्या जनगणनेत ते ५० लाखांवर आले. याच दहा वर्षांत कानाचे अपंगत्व साडेबारा लाखांवरून ५० लाखांपुढे गेले. निम्म्या आंधळ्यांना दिसू लागले आणि बहिरे चौपट झाले, असे कोणी म्हणणार नाही. आपल्या महाराष्ट्राची एकूण संख्याही १५.७ लाखांवरून २९.६ लाखांवर गेली. ती वाढ पाहून कोणी रोगराईचे कारण शोधू लागला तर तो फसेल. कारण २००१ मध्ये अपंगत्वाचे पाचच प्रकार विचारले होते, २०११ मध्ये आठ झाले आणि त्यांत 'इतर' असाही एक रकाना आला.

मग नमुना पाहणीच अधिक काळजीपूर्वक, तर जिल्ह्यासाठी तीच का घेऊ नये? मलाही तसेच वाटले होते. पण २०१८ च्या पाहणीत देशभरातली सुमारे १ लाख १८ हजार घरे होती. सातशेहून अधिक जिल्ह्यांत वाटली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी दीडशे-पावणेदोनशे घरे येतात. त्यांवरून राज्याचा अंदाज बांधता येतो; जिल्ह्याचा बांधणे म्हणजे दोन कणसे सोलून शिवाराचे पीक सांगणे.

आणखी एक गोष्ट सूचनांत लिहिलेली नसते. प्रगणक डॉक्टर नसतो. तो उंबऱ्याशी बसून विचारतो आणि घरातले एक माणूस सगळ्यांचे उत्तर देते. घरात लग्नाची मुलगी असेल आणि तिला फिट्स येत असतील, तर उत्तर काय मिळते, हे खेड्यातल्या मुलांना सांगायला नको. प्रमाणपत्राच्या यादीत उलट अडचण. तालुक्यापासून दूरच्या वाडीतला माणूस दिवसाची मजुरी बुडवून दोन-तीन खेपा घालील तेव्हा त्या यादीत येईल. ती यादी अपंगांची नाही, दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांची आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की आपल्या महाविद्यालयातील कोणत्याही प्रकल्पात अपंगांचा आकडा व्याख्येवाचून स्वीकारू नये. आणि दोन जनगणनांतील फरकाला सरळ 'वाढ' म्हणणाऱ्याचे गुण कापावेत, मग मित्र रागावले तरी चालेल. मी माझ्या तक्त्यात तिन्ही आकडे ठेवले आहेत आणि प्रत्येकापुढे कोणाला धरले, कोणाला वगळले, ते लिहिले आहे. तक्ता आडव्या कागदावरही मावेना. आजोबांना तो वाचून दाखविला. त्यांनी विचारले, "मग माझा पास होणार का नाही?" मी तीस टक्क्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "दहा टक्क्यांसाठी आता दुसरा डोळा फोडून घेऊ काय?"