सॉफ्टनर घ्या, पण घरभर नको!

बोअरचं पाणी ज्यांच्या नशिबी आलंय, त्या मैत्रिणींना वेगळं काही सांगायला नको. बादलीला पांढरी किनार, शॉवरच्या निम्म्या भोकांतून आडव्यातिडव्या धारा, साबण घासून अर्धा झाला तरी फेस नाही आणि गीझरची कॉइल दुरुस्तीवाल्याच्या ओळखीची! अशा घरात वॉटर सॉफ्टनरचा विक्रेता आला, की त्याचं बोलणं पटतंच. "ताई, पूर्ण घराला एकच मशीन लावा, कटकट मिटली," असं तो सांगतो. यंत्र खरोखर कामाचं आहे. पण पूर्ण घराला ते जोडणं म्हणजे मिठाची आणि पाण्याची उधळपट्टी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी ते करतं काय, ते बघू. यंत्राच्या उभ्या नळकांड्यात रेझिनचे, राजगिऱ्याएवढे बारीक दाणे असतात. या दाण्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यांच्यावरून गेलं की दाणे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे भरले की काम थांबतं. मग त्यांच्यातून मिठाचं पाणी सोडायचं, म्हणजे कॅल्शियम सुटून गटारात जातं आणि दाणे पुन्हा ताजे होतात. यालाच रीजनरेशन म्हणतात.

म्हणजे किती मोठं यंत्र हवं, हे घरातल्या टाकीवरून किंवा बाथरूमच्या संख्येवरून ठरत नाही. पाणी किती जड आणि ते किती वापरणार, या दोन आकड्यांवर ते ठरतं. पाण्याचा जडपणा प्रयोगशाळेतून मोजून आणा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. अहवालात 'एकूण कठीणपणा' हा रकाना बघायचा. विक्रेता पेनासारखं टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, त्यावर जाऊ नका. ते सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा मिळून अंदाज देतं, जडपणा वेगळा सांगत नाही. शिवाय सॉफ्टनर लावल्यावरही टीडीएस कमी होत नाही, कारण एक क्षार जाऊन दुसरा येतो.

आता लातूरकडचं पाच माणसांचं एक घर घेऊ. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 600 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं धरलंय. म्हणजे हे घर अगदी काठावर. माणशी दिवसाला 135 लिटर धरलं तर घराला 675 लिटर लागतात. यात दिवसाला साधारण 400 ग्रॅम क्षार येतो. हो, जवळजवळ अर्धा किलो!

पण हे सगळं पाणी मऊ कशाला करायचं? संडासाच्या फ्लशला, अंगण धुवायला, तुळशीला ते लागत नाही. अंघोळ आणि कपडे एवढंच धरलं तर माणशी सुमारे 75 लिटर, म्हणजे घराला 375 लिटर. क्षार आला दिवसाला 225 ग्रॅम. जवळजवळ निम्म्यावर.

पंचवीस लिटर रेझिनचं यंत्र घेतलं आणि दर वेळी अडीच किलो मीठ वापरलं, तर ते एका दमात साधारण अकराशे ग्रॅम क्षार धरतं. अंघोळ-कपड्यांपुरतं जोडलं तर थोडी शिल्लक ठेवून चार दिवसांनी रीजनरेशन करावं लागेल. महिन्याला एकोणीस-वीस किलो मीठ. हेच यंत्र घरभर जोडलं तर दर अडीच दिवसांनी मीठ आणि महिन्याला तीस किलो. म्हणून दुकानात "हे किती लिटरचं?" असं विचारू नका. "यात रेझिन किती लिटर आणि आमच्या 600 च्या पाण्याला दोन रीजनरेशनच्या मध्ये किती लिटर मऊ पाणी मिळेल?" असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं दुकान बघा.

मिठाची एक गंमत आहे. दुप्पट मीठ घातलं म्हणून दुप्पट पाणी मऊ होत नाही. त्याच यंत्रात अडीचऐवजी सहा किलो घातलं तर काम अकराशे ग्रॅमवरून सतराशेच्या आसपास जातं. मीठ दुपटीहून जास्त आणि काम दीडपट! थोडं मीठ, जरा लवकर, हेच स्वस्त पडतं. मीठ जाड, स्वच्छ स्फटिकांचं किंवा गोळ्यांचं घ्या. बारीक मिठाचा टाकीत दगड होतो. वरून टाकी भरलेली दिसते, खाली पोकळी असते आणि पाणी मात्र जडच येत राहतं. काठीनं हलवून बघितलं की कळतं. मातकट खडे मीठही नको, त्यातली माती दाण्यांत जाऊन बसते.

फायदा सर्वात जास्त दिसतो तो पाणी तापतं तिथे. तापल्यावर क्षार वेगळा होऊन कॉइलवर पांढरा थर धरतो. उष्णता त्या थरात अडकते, पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल मात्र जास्त तापून जळते. सोलरच्या नळ्यांमध्येही तेच होतं. मऊ पाण्यानं नवा थर बसत नाही. शॉवर आणि नळाची जाळी मोकळी राहते, नळ कडक होत नाही, वॉशिंग मशीनला पावडर कमी लागते. जुना थर मात्र आपोआप जात नाही. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरच्या किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा. संडासाचं ॲसिड नळाला लावलंत तर चकाकीच निघून जाईल. आणि मऊ पाण्यात गीझरमधला ॲनोड रॉड लवकर झिजतो, तेव्हा वर्षातून एकदा तो उघडून बघायला सांगा.

स्वयंपाकघराचा नळ मात्र वेगळाच ठेवा. 600 च्या पाण्यातला जडपणा काढताना लिटरमागे पाऊण ग्रॅम मिठाइतकं सोडियम पाण्यात येतं. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर हे लहानसहान नाही.

शिवाय प्रत्येक रीजनरेशनला दोनशे लिटरच्या आसपास पाणी धुण्यात जातं. ज्या लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला या दोनशे लिटरची किंमत सांगायला नको. हे पाणी खारट असतं, ते बागेत चालत नाही. बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात तर चुकूनही सोडू नका, नाहीतर महिन्याचं वीस किलो मीठ आपल्याच बोअरमध्ये उतरायचं. ते बंद गटारातच जायला हवं. तशी सोय नसेल, तर सॉफ्टनर घेण्याआधी ती करून घ्या.

जोडणी करताना मोटारीची लाईन थेट यंत्राला देऊ नये. पंचवीस लिटर रेझिनला तासाला हजार लिटरच्या आतलाच वेग झेपतो. त्याहून जोरात पाणी गेलं तर जडपणा तसाच निसटतो. गच्चीवर मऊ पाण्याची छोटी वेगळी टाकी आणि तिथून फक्त बाथरूम, गीझर, मशीन. नवं घर बांधत असाल तर हा पाइप आत्ताच टाकून घ्या. जुन्या घरात भिंत फोडायची नसेल तर निदान गीझरची लाईन तरी वेगळी निघते का, ते प्लंबरला विचारा.

आणि आठवड्यातून एकदा एक सोपी परीक्षा करा. एका बाटलीत नळाचं मऊ पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. मऊ पाण्यात फेस टिकतो आणि खाली पाणी स्वच्छ राहतं. दोन्ही बाटल्या सारख्याच गढूळ दिसल्या, तर मिठाची टाकी उघडून बघा.