आणे पुसू नका, शेजारी रुपये लिहा



गेल्या काही महिन्यांत पाड्यापाड्यांतून जुने कागद बाहेर निघताहेत. कुणी पत्र्याच्या पेटीतून जुना सातबारा काढतो, कुणी सावकाराच्या खात्याची हाताने केलेली नक्कल, कुणी सारा भरल्याच्या पावत्या आणतो. या कागदांवर रुपये, आणे, पै असा हिशेब आहे. आमच्या वयाची पोरं नव्या पैशात शिकलेली. त्यामुळे नक्कल करताना आम्हीच सुरुवातीला आणे-पै काढून नुसते रुपये-पैसे लिहून टाकले. वाटलं, साहेबाला वाचायला सोपं जाईल. ही आमची चूक होती, आणि ती इतरांनी करू नये म्हणून हे लिहितो आहोत.

आमचं मत सरळ आहे. रुपयांत फिरवा, पण मूळ आकडा जसा आहे तसा आधी उतरवा. मूळ आकडा हा पुरावा आहे. फिरवलेला आकडा ही फक्त आपली समजूत आहे.

आधी माप समजून घेऊ. एका रुपयाचे सोळा आणे. एका आण्याचे चार जुने पैसे, किंवा बारा पै. म्हणजे रुपयाचे ६४ जुने पैसे आणि १९२ पै. म्हणून ३-६-३ असं लिहिलं असेल तर ते तीन रुपये, सहा आणे, तीन पै. ते ३ रुपये ६३ पैसे नव्हे. खरा हिशेब तीन रुपये आणि सुमारे ३९ पैसे होतो.

हाच आकडा जुना माणूस रेघांनीही लिहितो: ३।= आणि पुढे ३ पै. उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे. दोन उभ्या रेघा आठ आणे, तीन उभ्या बारा आणे. त्यापुढची प्रत्येक आडवी रेघ एक आणा. नक्कल करणाऱ्याने उभ्या रेघेला एक समजून इंग्रजी आकडे लिहिले की तीनचे एकतीस होतात. रेघ कळली नाही तर अंदाज करू नका, पाड्यातल्या म्हाताऱ्याला दाखवा. शाळा न शिकलेला आजाही बाजारात आणे मोजतच मोठा झाला आहे.

आता हे आपल्या जमिनीला कुठे लागतं ते बघा. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे. त्यात जमीन परत घेताना आपण समोरच्याला आकाराच्या ४८ पट रक्कम, किंवा त्याने जमिनीसाठी दिलेली किंमत, यांत जी कमी असेल ती द्यायची. त्याने जमिनीत काही सुधारणा केली असेल तर तिची किंमत वेगळी. आकार जुन्या उताऱ्यावर आण्यात आहे. समजा तो ३-६-३ आहे. कुणी त्याला ३.६३ वाचलं तर ४८ पट होते १७४ रुपये २४ पैसे. एकतीस वाचलं तर १४८८ रुपये!

खरा हिशेब तोंडी होतो. ४८ म्हणजे तीन वेळा सोळा. म्हणून आकारातल्या प्रत्येक रुपयाचे ४८ रुपये, प्रत्येक आण्याचे ३ रुपये, प्रत्येक पैचे ४ आणे. तीन रुपयांचे १४४. सहा आण्यांचे १८. तीन पैचे १२ आणे, म्हणजे ७५ पैसे. एकूण १६२ रुपये ७५ पैसे. यात तोडमोड काहीच नाही. आधी पैशात फिरवून मग गुणलं की फरक पडतो, म्हणून आधी आण्यातच गुणा आणि शेवटी एकदाच फिरवा.

बेरजेचंही तसंच. सरकारी कोष्टकात दोन आण्यांचे १२ नवे पैसे धरले, कारण वरचा अर्धा पैसा सोडून दिला. खात्यात दोन-दोन आण्याच्या बारा ओळी असतील तर खरी बेरीज २४ आणे, म्हणजे दीड रुपया. प्रत्येक ओळ वेगळी फिरवली तर येतात १ रुपया ४४ पैसे. मग समोरचा वकील म्हणणार, यांची बेरीज चोपडीशी जुळत नाही, यांचा कागदच खोटा.

चूक आपल्या फायद्याची निघाली तरी ठेवू नका. एक आकडा खोटा पकडला गेला की बाकीच्या दहा खऱ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. नवे पैसे सुरू झाले १ एप्रिल १९५७ ला. आणि आपला कायदा लागतो तो १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत गेलेल्या जमिनींना. तारीख एकच आहे. सावकार म्हणतो, जमीन मी १९५५ सालीच घेतली, माझ्या चोपडीत बघा. तर मग चोपडीत नीट बघा! आण्याच्या रकान्यात पंधराच्या वर आकडा जात नाही. पैच्या रकान्यात अकराच्या वर जात नाही, आणि जुने पैसे असतील तर तीनच्या वर नाही. १९५५ च्या ओळीत ३७ किंवा ६२ पैसे दिसले तर ती ओळ तेव्हा लिहिलेलीच नाही, नंतर लिहिली आहे. मात्र उलटं धरू नका. आणे दिसले म्हणजे ओळ १९५७ च्या आधीचीच, असं होत नाही. जुनी नाणी पुढेही काही वर्षं चालत होती, आणि जुनी सवय तर त्याहून जास्त चालली.

आम्ही आणे पुसून पैसे लिहिले की हा साक्षीदार आपल्याच हाताने मारतो. वर आपली १९५६ ची खरी पावती नकलेत ३७ पैसे दाखवायला लागली, की ती बनावट ठरवायला समोरच्याला आयतं साधन मिळतं.

आणखी एक. प्रत्येक आणा पैशाचा नसतो. चार आणे हिस्सा म्हणजे जमिनीचा चौथा वाटा. क्षेत्रात गुंठ्याखाली आणे असतात, सोळा आण्यांचा एक गुंठा. पिकाची आणेवारी म्हणजे पीक किती आलं त्याचा अंदाज. यांना २५ पैसे, ५० पैसे करून बसाल तर भावाचा वाटाच कागदातून गायब होईल. रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

म्हणून यापुढे नक्कल अशी करायची. पहिल्या रकान्यात मूळ आकडा, रेघांसकट, जसा दिसतो तसा. दुसऱ्यात तोच शब्दांत: तीन रुपये सहा आणे तीन पै. तिसऱ्यात नवे रुपये-पैसे, आणि वर स्पष्ट लिहायचं की हा रकाना आपण केला आहे. अक्षर लागत नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला, मनाचं घालू नका. मग चोपडीतली बेरीज बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया धरून स्वतः करून बघा. खालच्या आकड्याशी जुळली तर वाचलं ते बहुतेक बरोबर. नाही जुळली तर आधी आपलं वाचणं तपासा, आणि ते बरोबर निघालं तर सावकाराला विचारा.

मूळ कागद मात्र कुणाच्याही हातात सोडू नका. नक्कल द्या, कागद घरी ठेवा.