मत्सर बोलून दाखवताना

हेवा आणि मत्सर हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज येतात. परंतु संसारापुरता त्यांत फरक करून पाहिला, तर बराच गोंधळ कमी होतो. शेजाऱ्याचे नवे घर पाहून मनात येतो तो हेवा. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही, एवढीच त्यातली बोच. पती-पत्नींमधला मत्सर याहून निराळा असतो. जे आपले आहे, ते तिसऱ्या कोणाकडे वळेल की काय, ही भीती त्याच्या तळाशी असते. भीती कबूल करणे बहुतेकांना जड जाते. म्हणून हा मत्सर वेष पालटून बाहेर पडतो. कधी तो टोमणा होतो, कधी चौकशी होतो, कधी चार दिवसांचा अबोला होतो, तर कधी सरळ हुकूम होतो. समोरच्याला हे वेष तेवढे दिसतात; आतली भीती दिसत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातले एक दांपत्य घेऊ. पतीचे वय सत्तेचाळीस, कापडाचे दुकान. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकून ते पुन्हा दुकानात जातात आणि रात्री नऊच्या सुमारास घरी येतात. पत्नी चव्वेचाळीस वर्षांच्या. मुलगी बारावीत गेल्यावर त्यांनी एका पतसंस्थेत नोकरी धरली. कामासाठी आठवड्यातून दोनदा दुसऱ्या शाखेत जावे लागते आणि त्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून जातात. त्याच सहकाऱ्याचा फोन कधीकधी रात्री नऊनंतर येतो. पंधरा-वीस मिनिटे बोलणे चालते, मध्येच हसणे ऐकू येते.

एका रात्री पती म्हणाले, ‘‘घरी आल्यावरही ऑफिस चालूच असतं का गं तुझं?’’ पत्नींनी सांगितले, ‘‘उद्याची कागदपत्रं विचारत होते.’’ त्यावर, ‘‘कागदपत्रांत हसण्यासारखं काय असतं?’’ आणि शेवटी, ‘‘उद्यापासून त्या गाडीतून जायचं नाही. एसटी आहे की!’’ पत्नींचे उत्तर ठरलेलेच होते : ‘‘म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असंच ना?’’ पुढचे चार दिवस घरात कामापुरते बोलणे राहिले.

पतींच्या या तीन वाक्यांत एक टोमणा आहे, एक उलटतपासणी आहे आणि एक हुकूम आहे. त्यांच्या स्वतःच्या मनाविषयी एक शब्दही नाही. त्यामुळे पत्नींना उत्तर द्यायला स्वतःच्या बचावाखेरीज काही उरलेच नाही. ‘चालूच’ मधला ‘च’ लहान दिसतो, पण एका रात्रीच्या फोनला तो रोजचा अपराध करून टाकतो. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘हल्ली’ हे त्याचेच भाऊबंद. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे जोडप्यांची भांडणे टिपून त्यांचा अभ्यास केला. बोलण्याची सुरुवात कठोर झाली की शेवटही बहुधा कठोरच होतो, हे त्यातून त्याने दाखवले. या घरात पहिल्या वाक्यानेच निकाल लावला होता.

मग पतींनी काय म्हणायला हवे होते? ‘आपले मन मोकळे करावे’ हा सल्ला सर्वांना ठाऊक असतो. त्यानुसार माणूस ‘मला वाटते’ अशी सुरुवात करतोही. येथे मराठीतला एक बारकावा आडवा येतो. ‘वाटणे’ हे क्रियापद आपण भावनेलाही वापरतो आणि मतालाही. ‘मला भीती वाटते’ ही भावना आहे. ‘मला वाटते की तुला तो जास्त जवळचा झाला आहे’ हा मात्र निवाडा आहे, आणि तोही दुसऱ्याच्या मनाबद्दल. सुरुवात ‘मला’ने झाली म्हणून वाक्यातला आरोप कमी होत नाही. यावर एक सोपी कसोटी आहे. ‘वाटते’च्या पुढे ‘की’ येऊन ‘तू’ आला, तर थांबावे. ‘वाटते’च्या आधी भीती, वाईट, एकटे, परके, ओशाळे यांपैकी एखादा शब्द बसतो का, ते पाहावे. ‘फसवल्यासारखे वाटते’, ‘दुर्लक्ष केल्यासारखे वाटते’ हे शब्दही तपासून घ्यावेत. कारण फसवणारा आणि दुर्लक्ष करणारा कोण, ते त्यांतच दडलेले असते.

बोलण्याची वेळही महत्त्वाची. फोन चालू असताना किंवा तो ठेवताक्षणी छातीत धडधड असते. तेव्हा निघालेला शब्द हातात राहत नाही. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटे द्यावीत, असे गॉटमनचेच सांगणे आहे. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडणाची उजळणी केली, तर मात्र थांबण्याचा उपयोग होत नाही. या पतींनी तर चार दिवस घेतले, आणि त्या काळात त्यांनी स्वतःलाच काही प्रश्न विचारले. प्रत्यक्ष पाहिले काय? त्या आठवड्यात तीन रात्री नऊनंतर फोन आला, एवढेच. त्यावर मनाने काय रचले? तिला माझ्यापेक्षा त्याच्याशी बोलण्यात रस आहे. भीती कशाची? येथे त्यांना थोडे अडखळायला झाले. गाडीचा प्रवास त्यांना खरे तर तितकासा खुपत नव्हता. रात्रीचा नऊ ते दहा हा तास पूर्वी त्या दोघांचा होता. गिऱ्हाइकांच्या गमती ते सांगत आणि त्या हसत. वर्षभरात त्या तासात मुलीच्या क्लासची फी आणि विजेचे बिल यांखेरीज काही उरले नव्हते. ते हसणे आता फोनवर ऐकू येत होते. टोचले ते हेच.

पाचव्या दिवशी, फोन नसताना आणि मुलगी अभ्यासाला बसलेली असताना, ते म्हणाले : ‘‘त्या दिवशी मी जे बोललो त्याच्या मागचं खरं सांगतो. गेल्या आठवड्यात तीन वेळा मी घरी आलो तेव्हा तू फोनवर होतीस. तुला हसताना ऐकून मला मत्सर वाटला. आणि भीती वाटली, की आपलं असं हसणं-बोलणं संपलं की काय. तू काही चुकीचं केलंस असं माझं म्हणणं नाही; हे माझ्या मनात चाललं होतं. नऊनंतरचा अर्धा तास आपल्या दोघांसाठी ठेवता येईल का? तुला कसं वाटतं, ते सांग.’’

या बोलण्यात जे पाहिले ते मोजून सांगितले आहे. आठवडा आणि वेळ यांपलीकडे ते पसरलेले नाही. ‘मत्सर’ हा शब्द उघडपणे उच्चारला आहे, म्हणून तो पत्नींना ओळखून काढावा लागला नाही. येथेही ‘भीती वाटली’च्या पुढे ‘की’ आला आहे. पण त्याच्यापुढे ‘तू’ नाही, ‘आपलं’ आहे. आणि मागणे दोघांमधल्या वेळेबद्दल आहे. तिसऱ्या माणसावर बंदी घालणारे ते नाही. गाडीचा उल्लेख गळला, कारण गाडी बंद होऊनही तो तास परत मिळाला नसता. आपली मागणी खऱ्या दुखण्यावर आहे की नुसती जवळच्या वस्तूवर, हे ओळखण्याची हीच रीत : ती मान्य झाली असे धरून पाहावे आणि टोचणी थांबेल का, ते स्वतःला विचारावे.

विनंती आणि हुकूम यांतला फरक मात्र शब्दांवरून कळत नाही. ‘कृपया’ लावूनही हुकूम देता येतो. मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अहिंसक संवादाची जी पद्धत मांडली, तिच्यात यासाठी एक कसोटी आहे : नकार मिळाल्यावर मागणारा कसा वागतो, ते पाहावे. तो रुसला, सुनावू लागला, अपराधी वाटायला लावू लागला, तर तो हुकूम होता. या घरात नकार आलाच. पत्नी म्हणाल्या, ‘‘मार्चअखेर जमायचं नाही हो. हिशेब जुळेपर्यंत फोन येणारच.’’ थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : ‘‘आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही तरी कुठे असता? दुकानाच्या ऑर्डरी बघत मोबाइलमध्येच असता. मी बोलायचं सोडलं ते त्यामुळे.’’

पतींनी यावर लगेच खुलासा दिला असता, तर संभाषण पुन्हा पहिल्या रात्रीवर गेले असते. ते एवढेच म्हणाले, ‘‘हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.’’ मनातले खरे बोलणाऱ्याला दुसऱ्याचे खरेही ऐकावे लागते. त्याची तयारी नसेल तर बोलायला बसू नये. शेवटी असे ठरले : मार्च संपेपर्यंत फोन येतील तसे येऊ द्यायचे, एप्रिलपासून नऊ ते साडेनऊ दोघांचेही मोबाइल स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवायचे, महिन्याने पुन्हा बोलायचे. गाडीचा प्रवास चालू राहिला. पतींची टोचणीही एकदम गेली नाही. पण आता ते ‘‘आज जरा टोचलं’’ एवढेच म्हणतात आणि पत्नींना त्याचा अर्थ कळतो. अशा वेळी स्पष्टीकरणापेक्षा ‘‘बसा, सांगते’’ एवढे पुरते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तीच विनंती रोज आली आणि दर वेळी एखादी मोकळीक कमी होत गेली, म्हणजे आधी फोन, मग कपडे, मग मैत्रिणी, मग माहेर, तर शब्द कितीही मऊ असले तरी ती पकड आहे. फोनचा पासवर्ड मागणे, कुठे आहेस याचा फोटो मागणे, पगार हातात ठेवायला लावणे यांना ‘मला असुरक्षित वाटते’ ही प्रस्तावना जोडून काही बदलत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याने शाब्दिक व भावनिक छळ आणि आर्थिक कोंडी यांनाही हिंसाचारात धरले आहे, आणि मदतीसाठी 181 हा महिला हेल्पलाइन क्रमांक आहे. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. जोडीदार खरोखर काही लपवत असेल, तर तो प्रश्न एकट्याच्या मनातल्या मत्सराचा राहत नाही. तेथे ‘हे माझ्या मनात चालले आहे’ असे म्हणून स्वतःलाच दोष देत राहू नये. दिसलेली विसंगती नेमकी सांगून सरळ विचारावे.

बाकी संसारांत, जेथे दोघेही सरळ आहेत आणि तरीही एकाला टोचते आहे, तेथे प्रश्न बहुतेक एखाद्या हरवलेल्या तासाचा असतो. तो तास कोणता, हे आधी स्वतःला ठाऊक हवे. मग तो मागताना दुसऱ्या कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.