शिलकीचे अंदाजपत्रक आणि रखडलेली शिष्यवृत्ती

आपल्या समाजातील बहुतेक ट्रस्टचे वार्षिक अंदाजपत्रक एकाच रकान्यात मांडलेले असते. वर जमा, खाली खर्च आणि शेवटी शिल्लक. शिल्लक दिसली की सभेत हात वर होतात आणि चहा येतो. माझे म्हणणे असे आहे की असे अंदाजपत्रक मंजूर करू नये, कारण त्यातली शिल्लक खरी नसते. एवढेच नाही, तर ती गरीब मुलांच्या हक्काच्या पैशातून तयार झालेली असू शकते.

एक नमुना घेऊ. आकडे माझे आहेत, पण मी सभासद म्हणून जी अंदाजपत्रके पाहिली त्यांचा घाट असाच होता. ट्रस्टला येत्या वर्षी जकातीचे नऊ लाख येणार आहेत. एक कंपनी संगणक वर्गासाठी सहा लाख देणार आहे. साधारण देणग्या साडेतीन लाख, हॉलचे भाडे अडीच लाख. एकूण जमा २१ लाख. खर्चात शिष्यवृत्ती व औषधोपचार सहा लाख, संगणक वर्ग पाच लाख, कार्यालय व अभ्यासिकेचे पगार साडेपाच लाख, वीजबिल, दुरुस्ती आणि ऑडिट मिळून अडीच लाख. एकूण १९ लाख. शिल्लक दोन लाख. अध्यक्ष खूश, सभासदही खूश.

आता हेच आकडे वेगळ्या रकान्यांत लिहू. देणाऱ्याने कामाचे नाव घालून दिलेला पैसा तो बांधील, बाकीचा मोकळा. वर्षाच्या आरंभी हातात असलेली दीड लाखाची शिल्लकही त्याच पद्धतीने वाटू.

| | जकात (बांधील) | संगणक वर्ग (बांधील) | मोकळा | एकूण |
|---|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | १,००,००० | ० | ५०,००० | १,५०,००० |
| जमा | ९,००,००० | ६,००,००० | ६,००,००० | २१,००,००० |
| खर्च | ६,००,००० | ५,००,००० | ८,००,००० | १९,००,००० |
| अखेरची शिल्लक | ४,००,००० | १,००,००० | −१,५०,००० | ३,५०,००० |

संस्था दोन लाखांनी पुढे नाही. पगार, वीज आणि दुरुस्ती भागवणारा मोकळा निधी या वर्षात दोन लाखांनी तुटीत आहे. जुनी शिल्लक धरूनही दीड लाख कमी पडतात. बँकेत मात्र साडेतीन लाख दिसतील. त्यातले पाच लाख दुसऱ्यांचे असायला हवे होते. म्हणजे दीड लाख आधीच कुणाच्या तरी वाट्यातून गेले.

हे प्रत्यक्षात कसे घडते? कुणी चोरी करत नाही. जूनमध्ये मुलांच्या फीचे अर्ज येतात, जुलैत समिती नावे मंजूर करते. त्याच सुमारास छत गळायला लागते, शिपायाचा पगार थकतो. खजिनदार बँकेची बाकी बघतो आणि म्हणतो, फीचे चेक जरा थांबवू. फी भरायची तारीख निघून जाते. मुलगा उधारीवर फी भरतो किंवा कॉलेज सोडतो. वर्षअखेरीला जकातीच्या रकान्यात, तो रकाना असलाच तर, चार लाख न वाटलेले दिसतात. एकाच रकान्यात हीच रक्कम 'काटकसर' म्हणून मिरवते.

मी एका सभेत हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळाले, 'पैसा शेवटी एकाच बँकेत आहे, आणि जातो चांगल्याच कामाला.' बँक एक असेल, मालकी एक नाही. जकात कुणासाठी आहे हे सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ गट सांगून ठरवलेले आहे. त्यात वसुली करणारे 'आमिल' येतात, पण अभ्यासिकेचे वीजबिल येत नाही. हनफी फिकहमध्ये तर जकात हक्कदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. म्हणूनच काही ठिकाणी गरीब विद्यार्थ्याच्या हातात रक्कम ठेवून ती लगेच 'देणगी' म्हणून परत घेण्याचा हीला केला जातो. ज्यांना हा हीला योग्य वाटतो त्यांनी तो रकान्यात दाखवावा: जकातीतून इतके गेले, मोकळ्यात इतके परत आले. जे सभासदांसमोर लिहायची लाज वाटते, ते करू नये.

दुसरा आक्षेप सनदी लेखापालांच्या नावाने येतो. ऑडिट होतेच, मग आणखी रकाने कशाला? ऑडिट झालेल्या वर्षाचे असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालील ताळेबंदाच्या नमुन्यात विशिष्ट कामासाठी राखलेल्या निधींचे वेगळे शीर्षक आहे, पण तो ताळेबंद हातात येतो तोवर पैसा खर्च होऊन गेलेला असतो. आणि ही कल्पना माझी नाही. ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थांच्या हिशेबात मोकळा, बांधील आणि कायम निधी असे रकाने असतात. आपण तेच वर्षाच्या आधी करावे, एवढेच मागणे आहे.

तिसरा आक्षेप असा की सामान्य खजिनदाराला हे जमणार नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. यासाठी कुठले सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक पावतीवर निधीचे नाव लिहायचे. नाव कुठून येते? देणगीदाराच्या पत्रातून, अनुदानाच्या करारातून आणि ज्या आवाहनावर लोकांनी पैसे दिले त्या पोस्टरवरून. पोस्टरवर 'शिष्यवृत्तीसाठी' छापले असेल तर आलेला पैसा शिष्यवृत्तीलाच बांधील. विश्वस्तांनी स्वतःच ठराव करून बाजूला काढलेली रक्कम, उदाहरणार्थ इमारत दुरुस्तीसाठी, मोकळ्याच रकान्यात राहते, कारण तो ठराव विश्वस्त बदलू शकतात. देणाऱ्याची अट त्यांना बदलता येत नाही. व्हाउचर ज्या निधीतून भागवले त्याच रकान्यात. कंपनीने करारात कार्यालयीन खर्चाचा वाटा मान्य केला असेल तर तेवढाच तिकडे टाकायचा, अंदाजाने नाही.

मग दर तीन महिन्यांनी एक वजाबाकी करायची. बँक, मुदत ठेवी आणि रोख यांची बेरीज, त्यातून बांधील निधींच्या शिलकांची बेरीज वजा. उत्तर उणे आले तर दुसऱ्याचा पैसा वापरला गेला आहे. वरच्या नमुन्यात ते उणे दीड लाख येते.

रकान्यांनी तूट भरून निघत नाही, हे खरे. उलट ती उघडी पडते आणि विश्वस्तांना अडचणीचे पर्याय निवडावे लागतात: हॉलचे भाडे वाढवणे, एक पगार कमी करणे किंवा लोकांसमोर उभे राहून सांगणे की आम्हाला वीजबिलासाठी देणगी हवी आहे. वीजबिलासाठी हात पसरायला कमीपणा वाटतो, म्हणून शिष्यवृत्तीच्या नावाने मागायचे आणि वीजबिल भरायचे, ही सवय मोडायची आहे.

येत्या वार्षिक सभेत तुमच्या हातात अंदाजपत्रक येईल. त्यात रकाना एकच असेल तर तीन प्रश्न विचारा. यातला बांधील पैसा किती? तो किती दिवस न वाटता पडून आहे? मोकळा निधी एकटा धरला तर शिल्लक किती? उत्तरे कागदावर येईपर्यंत हात वर करू नका.